अनुभव धागा : व्यायामाच्या पोस्टखाली अनोळखी माणूस तुमच्या शरीरावर बोलला, तेव्हा तुम्ही नेमकं काय लिहिलंत?

मीरा_लोकमान्यनगर

नमस्कार मंडळी. मागच्या रविवारी इंदूरच्या नेहरू स्टेडियमला मी पहिल्यांदा पाच किलोमीटर न थांबता पळाले. ४३ मिनिटं लागली. तीन महिन्यांपूर्वी एक मिनिट पळणं आणि दोन मिनिटं चालणं, अशी सुरुवात केली होती, त्यामुळे मला फार आनंद झाला होता. घड्याळाचा एक आणि घामाने भिजलेला माझा एक, असे दोन फोटो इन्स्टावर टाकले. अर्ध्या तासात एका अनोळखी गृहस्थांनी खाली लिहिलं, "मैडम, पहले पंद्रह किलो कम करो, फिर दौड़ो. घुटने जाएंगे. और टी-शर्ट ज़रा ढीली पहना करो."

हात थरथरत होते. पहिलं उत्तर लिहिलं ते चांगलं दहा ओळींचं. थायरॉइड आहे, डॉक्टरांना विचारलंय, सहा किलो उतरलेत, बूट नीट बघून घेतलेत. आई शेजारी होती. तिने वाचलं आणि म्हणाली, "अगं, त्याला कशाला हिशेब देतेस?" पुसून टाकलं. मग त्यांचा फोटो मोठा करून पाहिला आणि त्यांच्या पोटाबद्दल लिहिलं. तेही पुसलं, कारण मला जे लागलं होतं तेच मी करायला निघाले होते.

शेवटी पाठवलं ते असं : "मेरे शरीर और कपड़ों पर टिप्पणी मत कीजिए. मैंने आपसे सलाह नहीं माँगी. मुझे बहुत बुरा लगा. दोबारा लिखेंगे तो ब्लॉक करूँगी."

दहा मिनिटांत उत्तर : "भलाई के लिए बोला था, आजकल सच किसी को नहीं सुनना." मी त्यांची मूळ कमेंट काढली, तर तिच्याखालचं माझं उत्तरही गेलं. आता तिथे काहीच नाही, आणि मला अजून बरं वाटत नाहीये. तुमचे अनुभव सांगा. शक्य असेल तर तेव्हा लिहिलेले शब्द जसेच्या तसे द्या.

अनघा_रामबाग

मीरा, अभिनंदन आधी. मी आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपचं पान सहा वर्षं सांभाळते, अशा कमेंट दर आठवड्याला काढते. तुझ्या चार वाक्यांकडे एकेक करून बघ.

पहिलं वाक्य उत्तम आहे. काय चालणार नाही ते सरळ सांगितलंस, आणि माणसाला नावं ठेवली नाहीस. चौथंही बरोबर. अडचण मधल्या दोन वाक्यांत आहे. "सलाह नहीं माँगी" म्हटलंस, की तो सल्लाच होता हे तू मान्य केलंस. म्हणून तर त्याला "भलाई के लिए" म्हणता आलं. आणि "बुरा लगा" हे खरं असलं तरी ते त्याला सांगायचं नाही. ते आईला सांग, आम्हाला सांग. अनोळखी माणसासमोर ठेवलंस की चर्चा तुझ्या मनावर येते, मग "इतना सेंसिटिव मत बनो" सुरू होतं.

मी दोनच वाक्यं ठेवते : "यहाँ किसी के शरीर, वज़न या कपड़ों पर टिप्पणी नहीं चलेगी. ऐसा कमेंट हटेगा और लिखने वाला ब्लॉक होगा." प्रश्न नाही, कारण नाही, "प्लीज़" नाही, हसरा चेहरा नाही. आणि "दोबारा" पण नाही. दुसरी संधी द्यायची असेल तर जरूर दे, पण मग दुसऱ्या वेळी त्याच मिनिटाला ब्लॉक करायचं. लिहून केलं नाहीस तर पुढचे चारजण येतात, हे मी भोगलंय.

आता तुझं उत्तर का गेलं ते. मूळ कमेंट काढली की तिच्याखालची सगळी उत्तरं जातात. म्हणून क्रम असा : आधी स्क्रीनशॉट, त्यात त्याचं खातं आणि वेळ दिसली पाहिजे. मग त्याची कमेंट काढायची. मग आपलं वाक्य वेगळी कमेंट म्हणून लिहायचं, त्याला टॅग न करता, आणि वर पिन करायचं. तो निघून गेला तरी वाक्य राहतं, आणि पुढे येणारा आधी ते वाचतो.

सुदामानगरकर

इतकं लिहित बसायचंच कशाला? आयटी ॲक्ट ६६ अ लावा, थेट आत जाईल. माझ्या मेव्हण्याने असंच धमकावलं होतं एकाला, लगेच माफी मागितली त्याने.

वकील_पलासिया

६६ अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवलं. त्याची धमकी दिलीत आणि समोरच्याला हे माहीत असलं, तर तुमचं पुढचं प्रत्येक वाक्य पोकळ ठरतं. मेव्हण्यांचं काम झालं, कारण समोरच्याला माहीत नव्हतं.

वजनावरची एक कुजकी कमेंट बहुतेक वेळा पोलिसांपर्यंत जाण्यासारखी नसते, ती हटवण्यासारखी असते. पण भाषा अश्लील झाली, किंवा ब्लॉक केल्यावर नवनवीन खात्यांवरून तोच माणूस बाईच्या मागे लागला, तर गोष्ट बदलते. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत ७९ आणि ७८ ही कलमं त्यासाठी बघितली जातात. तक्रार cybercrime.gov.in वर करता येते. १९३० हा नंबर मुख्यतः पैशाच्या फसवणुकीसाठी आहे, तिकडे वेळ घालवू नका. अनघाताईंनी स्क्रीनशॉट आधी म्हटलं ते याचसाठी. आणि हे काहीही उत्तरात लिहू नका. करायचं असेल तेव्हा करा.

फिजिओ_इंदूर

गुडघ्यांचा मुद्दा इथे बोलते, मीराच्या पोस्टखाली बोलणार नाही.

वजन जास्त असलं की गुडघ्यावर भार जास्त येतो, हे खरं आहे. पण त्यावरून "पळू नका" असं निघत नाही. हौसेने, बेताने पळणाऱ्यांचे गुडघे पळण्यामुळे झिजतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही. माझ्याकडे जे येतात ते बहुधा अंतर एकदम वाढवणारे. दोन किलोमीटरवरून पुढच्याच आठवड्यात आठवर जातात. मीराने चालत-पळत तीन महिने घेतले, ती बरोबर पद्धत आहे. गुडघ्याला सूज आली, दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखत राहिला किंवा जिना उतरताना कळ आली, तर थांबून दाखवायचं. वजन कितीही असो.

पण त्या माणसाला हे सांगू नये. एक मुद्दा खोडला की तो दुसरा आणतो. गुडघे झाले की हृदय, हृदय झालं की टी-शर्ट. त्याच्या कमेंटमधली टी-शर्टची ओळच सांगते की काळजी गुडघ्यांची नव्हती.

स्वाती_राजेंद्रनगर

इथे मला पटत नाही. माझं वजन ८८ आहे. "घुटने जाएंगे" असंच एकीच्या पोस्टखाली वाचून मी वर्षभर चालायलाही घाबरले. त्याला उत्तर देऊ नका, ठीक. पण वाचणाऱ्या माझ्यासारखीला कोण सांगणार?

फिजिओ_इंदूर

तुमचं म्हणणं डावलता येत नाही. चार दिवसांनी वेगळी पोस्ट टाकावी, त्या माणसाचा उल्लेख न करता, असं मला वाटतं. पण तोवर वाचणारी निघून गेलेली असते, हेही खरं.

निनाद_जिमवाला

मुलगा असून लिहितोय. उंची पाच-अकरा, वजन ५२. जिममधले व्हिडिओ टाकतो. एका अनोळखी मुलाने "हड्डी" लिहिलं, मी "सही बोला भिया" लिहून हसरा चेहरा टाकला. त्यानंतर सहा महिने प्रत्येक व्हिडिओखाली "हड्डी". ज्यांनी कधी काही लिहिलं नव्हतं तेही लिहायला लागले. मी हसलो म्हणजे परवानगी दिली, असंच झालं. मी व्हिडिओ टाकणंच बंद केलं होतं.

मग एका रात्री लिहिलं : "भिया, हड्डी मत बोला करो यार, अच्छा नहीं लगता." काही फरक नाही. "भिया" आणि "यार" म्हटल्यावर ते दोस्तीतलंच वाटलं. दुसऱ्यांदा "आप" वापरलं : "आप मुझे इस नाम से नहीं बुलाएँगे. अगला ऐसा कमेंट हटेगा और आप ब्लॉक होंगे." इंदूरमध्ये बरोबरीच्या पोराला "आप" म्हटलं की त्याला कळतं, अंतर पडलंय. तिघांना ब्लॉक केलं. मग सेटिंगमध्ये तो शब्द लपवायच्या यादीत टाकला. हिंदीत टाकून भागत नाही, रोमनमधली एका डीची, दोन डीची सगळी स्पेलिंगं वेगवेगळी टाकावी लागतात. मधे ठिपके घालून लिहिणारे तरीही निसटतात.

शुभांगी_काकू

माझ्या मावससासूबाईंनी वास्तुशांतीला सगळ्यांसमोर "सूनबाई, योगा करून काय उपयोग, दारातून आत येता येत नाही" म्हटलं. त्यांना ब्लॉक कसं करायचं? दोन वाक्यं तिथे चालतील का?

अनघा_रामबाग

काकू, मीराचा प्रश्न अनोळखी माणसाचा आहे, त्याच्याशी उद्या जेवायला बसायचं नसतं. तुमचं वेगळं. पण तुम्ही काय केलंत?

शुभांगी_काकू

"मावशी, माझ्या वजनावर बोलणं होणार असेल तर मी आत जाते," म्हणाले आणि खरंच स्वयंपाकघरात गेले. पान वाढायला सुद्धा बाहेर आले नाही. यजमान आजही म्हणतात, तेव्हा गप्प बसायला हवं होतं. मला नाही तसं वाटत.

एकटी_पळणारी

मी उत्तर देतच नाही. काढते, ब्लॉक करते, संपलं. एकदा उत्तर दिलं होतं, तर त्याने त्याचाच स्क्रीनशॉट स्वतःच्या स्टोरीवर टाकला आणि वीसजण आले. लिहिणं प्रत्येकीने करायलाच हवं असं करू नका.

अनघा_रामबाग

अगदी. ज्याच्या मागे फॉलोअर्सचा जथा दिसतो त्याला मीही उत्तर देत नाही. तिथे रिस्ट्रिक्ट करते. त्याची कमेंट मी मंजूर करेपर्यंत फक्त त्यालाच दिसते, त्यामुळे दाखवायला त्याच्याकडे काही उरत नाही.

मीरा_लोकमान्यनगर

काल रात्री अनघाताईंची दोन वाक्यं वेगळी कमेंट करून पिन केली. स्क्रीनशॉट पहिल्या वेळी काढला नव्हता, ते राहिलंच. आज सकाळी नव्या खात्यावरून कमेंट आली, त्यावर फोटो नाही, "घमंड देखो" इतकंच. तेच गृहस्थ असतील का, सांगता येत नाही. या वेळी आधी स्क्रीनशॉट घेतला, मग काढली, ब्लॉक केलं. उत्तर दिलं नाही. हात थरथरले नाहीत.

स्वाती, तुमच्यासाठी एक-दोन मिनिटांपासूनचं माझं सगळं वेळापत्रक आज लिहून काढते. पोस्टवर टाकू की तुम्हाला पाठवू?

स्वाती_राजेंद्रनगर

पोस्टवर टाका.