पाचवारीसुद्धा एकेकाळी मुलींचीच होती

‘साठीनंतर बाईने साडीच नेसावी, पंजाबी ड्रेस हा मुलींचा पोशाख आहे.’

हे मला पटत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाचवारी, म्हणजे तेव्हाचे गोल पातळ, ही तरुण मुलींची फॅशन समजली जाई आणि प्रौढ बायकांनी नऊवारी लुगडेच नेसावे अशी अपेक्षा असे. त्या मुलींनी म्हातारपणीही पाचवारी सोडली नाही, म्हणून ती वयस्कर बायकांची ठरली. आपण समोरच्या बाईचे वय तिच्या कपड्यांवरून नव्हे, तर त्या वयात आपली आई काय नेसत होती यावरून मोजतो.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माझ्या आईच्या निऱ्या जिन्यावर पायात येऊ लागल्या, म्हणून आम्ही सीताबर्डीवर सुती कुर्ते घ्यायला गेलो. दुकानदाराने न विचारताच राखाडी आणि बदामी रंगांचे कुर्ते पुढे मांडले. आईला हवा तसा जांभळा कुर्ता मुलींच्या मापातच होता. मुंढा तंग, बाही आखूड, सोबत पायाला चिकटणारी लेगिंग. शेवटी जांभळे कापड घेऊन शिंप्याकडून सैल मुंढ्याचा कुर्ता आणि घेरदार सलवार शिवून घेतली. ‘या वयात हा रंग?’ असे शेजारणींनी विचारले. तिच्या चालण्याबद्दल मात्र कोणीच विचारले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.