प्रतिसाद: साल बघून निवडा

> आजोबांना टाइप करणं जमत नाही. अ‍ॅपवर जुना सिनेमा शोधायला कसं शिकवू?

पंचवटीतल्या आमच्या आजोबांना मी रिमोटवरचं माइकचं बटण दाखवलं. बोलणं संपेपर्यंत ते दाबून ठेवायचं. ते आधीच सोडायचे, मग अर्धेच शब्द पोचायचे. एकदा साने गुरुजींवरचं व्याख्यान मागितलं, पोचलं फक्त 'साने गुरुजी', आणि समोर 'श्यामची आई' दोनदा आलं! दोन्ही सिनेमे कृष्णधवल, त्यामुळे चित्रावरून ओळखू येईनात. नावाखालचं साल वाचायला सांगितलं: २०२३चा सुजय डहाकेंचा, १९५३चा अत्र्यांचा. त्यांनी १९५३ निवडला. वनमाला दिसल्या तशी मांडी घालून बसले, "आवाज वाढव गं!" नंतर तो वॉचलिस्टमध्ये टाकून दिला, म्हणजे पुन्हा शोधावा लागत नाही.