मदत हवी आहे: 'द व्हॉइस'सारखी खुर्ची वळवण्याची फेरी घ्यायची आहे, नियम कसे ठेवावेत?

सूरपेटी
मंडळाच्या गायनस्पर्धेत यंदा गुणपत्रिका बाद करून 'द व्हॉइस'च्या धर्तीवर ब्लाइंड ऑडिशन घ्यायचं ठरलंय. 36 गायक आहेत आणि 3 गुरू. प्रत्येकाच्या टीममध्ये 6 जागा, म्हणजे 18 जण पुढे जाणार. खुर्च्या फिरत्या नाहीत. गुरू रंगमंचाकडे पाठ करून बसतील, बटण दाबलं की दिवा लागेल आणि मग ते वळतील. अडलंय ते असं: तिघेही वळले तर त्या गायकाला जास्त गुण धरायचे का? एखाद्या गुरूची टीम लवकर भरली तर काय? आणि 18 मधून अंतिम फेरीसाठी 6 कसे काढायचे?

विदर्भवीर
सोपं आहे. जितक्या खुर्च्या तितके गुण. तिन्ही वळल्या तर तीन गुण आणि ते शेवटपर्यंत मोजायचे. शिवाय ब्लॉकचं बटणही ठेवा, मजा येते. एखादा गुरू वळला की त्याला दुसऱ्याने ब्लॉक करायचं.

खालची_पट्टी
विदर्भवीर, ब्लॉक आहे हे बरोबर, पण क्रम उलटा झाला. अमेरिकेतल्या 'द व्हॉइस'मध्ये 14व्या सीझनला (2018) ब्लॉक आला तेव्हा प्रत्येक कोचला सगळ्या ऑडिशनमध्ये मिळून एकदाच तो वापरता येत होता, आणि समोरचा वळायच्या आधीच दाबावा लागायचा. वळून झाल्यावर अडवता येत नव्हतं. अडवलेल्या कोचला ते कळायचं आपलं बटण दाबल्यावर.

खुर्च्यांचे गुण मात्र धरू नका. या प्रकारात खुर्चीचं काम एवढंच, की दार उघडलं की नाही. एक वळली तर गायक त्या गुरूच्या टीममध्ये. जास्त वळल्या तर निवड गायकाची. एकही नाही तर घरी. पुढच्या फेरीत एका खुर्चीवाला आणि सगळ्या खुर्च्यांवाला एकाच पायरीवर उभे असतात. गुण धरलेत तर तुमच्याकडे वेगळाच घोळ होईल. टीम भरलेला गुरू वळूच शकत नाही, त्यामुळे उशिरा गाणाऱ्याला तीन खुर्च्या मिळण्याची सोयच उरत नाही.

आता दुसरा प्रश्न, खरं दुखणं तिथेच आहे. समजा 20 गायक झाले तेव्हा पहिल्या गुरूच्या सहाही जागा भरल्या, दुसऱ्याने 4 घेतले, तिसऱ्याने 3. म्हणजे 20 जणांत 13 जागा गेल्या, शंभरातल्या 65. उरलेल्या 16 जणांसाठी 5 जागा, म्हणजे शंभरात 31. गाणं तेच, गळा तोच, फक्त चिठ्ठी 30 नंबरची निघाली. उलटंही घडतं. एखादा गुरू फार हात राखून बसतो आणि शेवटी जागा भरायच्या म्हणून शेवटच्या तिघांना आंधळेपणाने घेतो.

उपाय: मध्यंतर 18 गायकांनंतर ठेवा आणि तोवर कुणालाही 3 पेक्षा जास्त घेऊ देऊ नका. क्रम गायकांसमोर चिठ्ठ्या टाकून काढा. आणि टीम भरलीच पाहिजे असं बंधन नको.

नलूमावशी
अंध गायकांसाठीची स्पर्धा आहे का ही? आमच्या शेजारचा मुलगा फार छान भजनं म्हणतो, त्याला दिसत नाही. नाव कुठे द्यायचं?

सूरपेटी
मावशी, तसं नाही. गुरूंना गायक दिसत नाही म्हणून ते नाव. पण स्पर्धा सगळ्यांना खुली आहे, त्यालाही. व्यक्तिगत निरोप पाठवते. फलकावर 'पाठमोरी फेरी' लिहिलं तर हा घोटाळा होणार नाही बहुतेक.

काळी_चार
चिठ्ठ्यांच्या क्रमात तबलजीचं मरण आहे हो. पुरुष काळी एक-दोनच्या आसपास, बायका काळी चार-पाचच्या. दर गाण्याला तबला बदलायचा आणि ठोकून सुरात आणायचा म्हटलं तर 36 गाण्यांत तासभर जाईल. आधी सगळे पुरुष गाऊ द्या, मग बायका.

खालची_पट्टी
तसं केलंत तर वरचंच दुखणं नव्या रूपात येईल. मध्यंतरापर्यंत टीममध्ये फक्त पुरुष आणि उरलेल्या जागांसाठी बायकांची रस्सीखेच. दोन तबले आधीच लावून ठेवा, एक खालच्या पट्टीचा, एक वरचा. एकसारख्या पट्टीचे चार-चार जणांचे गट करा आणि चिठ्ठ्या गटांच्या टाका. गाणं दीड मिनिटाचं ठेवा. गुरूंचं बोलणं आणि बदलाबदल धरून माणशी 5 मिनिटं, म्हणजे 36 जणांचे 3 तास. मध्यंतर वेगळं.

गुपचूप
एक शंका. गावातलेच गुरू असतील तर पाठ करून उपयोग काय? स्वतःचा विद्यार्थी पहिल्या आलापातच ओळखू येतो.

विदर्भवीर
मग ज्याचा विद्यार्थी असेल त्या गुरूने वळायचं नाही, असा नियम करा.

गुपचूप
आणि कोण गातंय हे त्याला सांगायचं कुणी? सांगितलं की पाठमोरेपणा संपला. एक तर बाहेरगावचे गुरू आणा, नाहीतर संयोजकाने नोंदणीतच 'शिक्षक कोण' विचारून त्या गुरूचं बटण त्या गाण्यापुरतं गुपचूप बंद ठेवावं. तो दाबेल तेव्हा त्याला कळेल.

खालची_पट्टी
बटण बंद ठेवणं म्हणजे संयोजकाने टाकलेला ब्लॉकच झाला! चालेल, पण गायकांना आधी सांगा. नाहीतर आपला गुरू वळला नाही म्हणून घरी रडारड. शक्य असेल तर बाहेरचेच गुरू बरे.

अजून एक गळती: प्रेक्षक. गायक आल्या आल्या शिट्ट्या पडल्या की गुरूला कळतं कोण आलं ते. निवेदकाने फक्त क्रमांक सांगावा आणि टाळ्या गाणं संपल्यावर. दिवेही गुरूंना एकमेकांचे दिसू नयेत, कारण पहिला वळला की दुसऱ्याचा हात आपोआप बटणाकडे जातो. टीव्हीवर ती चुरस हवीच असते, म्हणून तिथे लपवत नाहीत. तुम्हाला काय हवंय ते ठरवा.

18 चे 6: प्रत्येक टीममध्ये 3 जोड्या, दोघांनी एकच गाणं गायचं, गुरू एकाला ठेवणार. झाले 9. हरलेल्यांपैकी एकेक जण प्रत्येक गुरूने दुसऱ्या टीममधून उचलायचा, ज्याला तिकडे स्टील म्हणतात. झाले 12, म्हणजे टीममध्ये 4. मग प्रत्येकाचं स्वतंत्र गाणं, गुरू दोघांना ठेवणार, उरले 6. अमेरिकेच्या तिसऱ्या सीझनचं (2012) गणित याच चालीचं होतं: टीममध्ये 16, जोड्यांतून 8, दोन स्टील धरून 10, पुढच्या फेरीत 5.

जोडी लावताना पट्टी जुळवा. काळी एकवाला आणि काळी चारवाली एका गाण्यात घातले तर एकाचा गळा बसणारच. आणि एका टीमच्या तिन्ही जोड्या सलग घेऊ नका. शेवटच्या टीमचे हरलेले येईपर्यंत बाकी दोघांचं स्टील वापरून झालेलं असतं. आळीपाळीने घ्या.

सूरपेटी
आळीपाळी, दोन तबले आणि क्रमांकाने पुकारणं पक्कं. पण मध्यंतरापर्यंत तीनच जागा हे एका गुरूंना आवडलेलं नाही. म्हणाले, चौथा चांगला आला तर त्याला काय सांगू?

काळी_चार
त्यांचंही खरं आहे. मी असतो तर मर्यादा चारची ठेवली असती.

खालची_पट्टी
चार ठेवली तर तिघे मिळून 12 जागा मध्यंतराआधीच संपवू शकतात, मागच्या 18 जणांना 6. मग मर्यादा असून नसल्यासारखीच. त्या गुरूंना सांगा, चौथ्यासाठी बाकीचे दोघे आहेत, आणि तेही नाही वळले तर स्टीलसारखं काही... नाही, तो तर जोड्यांपर्यंत पोहोचलेलाच नसेल. याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.