मदत हवी आहे: रोज तासभर चालूनही वजन हलत नाही

अनघा_पुणे: वजन 75 किलो. रविवार सोडून रोज सकाळी तासाभरात 6 किमी भरभर चालते, घड्याळ 400 कॅलरी दाखवतं. तीन महिने झाले, काटा तिथेच. जेवण वाढवलेलं नाही. आल्यावर फक्त कपभर दूध, केळं, मूठभर शेंगदाणे. पुढे दिवसभर बैठं काम. चुकतंय कुठे?

सदानंद: शरीर जुळवून घेतं, मेटाबॉलिझम मंदावतो. चालण्याने काही होत नाही, खाणं कमी करा.

माधवी_आहार: शरीर काटकसर करतं हे बरोबर, पण व्यायामात खर्च झालेलं सगळं वसूल करत नाही. 2021 साली 'करंट बायॉलॉजी'मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात ही वसुली सरासरी 28 टक्के निघाली, आणि ती माणसागणिक बदलते. अनघाताई, फोनमध्ये बघून सांगा: चालता त्या दिवशी एकूण स्टेप्स किती, आणि न चालणाऱ्या रविवारी किती?

रश्मी_के: मी जिमला जाते, दोन किलो वाढले. स्नायू झाले असतील का?

माधवी_आहार: रश्मी, कंबर मोजा. तीही वाढत असेल तर ते बहुधा स्नायू नाहीत.

अनघा_पुणे: चालते तेव्हा साधारण 10,000. रविवारी 5,500.

माधवी_आहार: इथेच सापडलं. 6 किमी म्हणजे अंदाजे 8,000 स्टेप्स. म्हणजे उरलेल्या दिवसात तुम्ही 2,000च चालता, रविवारपेक्षा 3,500 कमी. सकाळी चालणं झालंय म्हणून लिफ्ट घेतली जाते, पाण्याची बाटलीही कुणाला तरी आणायला सांगितली जाते. हे लक्षातही येत नाही.

दुसरं, घड्याळ त्या तासात नुसतं बसूनही खर्च झाल्या असत्या त्या कॅलरी धरतं. चालण्यामुळे जास्तीच्या साधारण 300च. दूध, केळं, 30 ग्रॅम शेंगदाणे मिळून जवळपास 400 होतात. आधी हे खात नव्हतात ना? मग जेवण न वाढवताही खाणं वाढलं.

नाश्ता चालून आल्यावर लगेच करा, म्हणजे हे मधलं खाणं वेगळं लागणार नाही. शेंगदाणे हवेच असतील तर नाश्त्यातच, मोजून दोन चमचे. आणि सकाळचं चालणं न धरता दिवसभरात 5,500 स्टेप्स हे वेगळं लक्ष्य ठेवा. दर तासाला चार मिनिटं चाललात, की आठ तासांत 3,000च्या वर जातात.

सदानंद: उपाशीपोटी चाललं तर चरबी जास्त जळते ना?

माधवी_आहार: त्या तासात जळते, पण दिवसाच्या हिशेबात फारसा फरक पडत नाही. काहींना त्यानंतर भूक मात्र जास्त लागते.

अनघा_पुणे: आधी सकाळी फक्त चहा असायचा, खरंय. पण मीटिंगमध्ये दर तासाला उठता येत नाही. जेवणानंतर आणि संध्याकाळी 15-15 मिनिटं चालले तर?

माधवी_आहार: चालेल, तेवढ्यात 3,000 होतात. तीन आठवडे रोज सकाळी वजन करा आणि आठवड्याची सरासरी बघा. तरी हललं नाही, तर भाजीचं तेल मोजायला लागेल. आणि दुपारी गळून जायला होत असेल तर सकाळचा वेग कमी करा.

अनघा_पुणे: गळून जायला होतं खरं, तीनच्या सुमारास. ते चालण्यामुळे की झोप कमी म्हणून, हे कसं ओळखायचं?