अकरा जणांचं पहिलं जेवण, आणि आईची ‘वाटी’

उंबरठा_नवा
नमस्कार. लग्नाला दीड महिना झालाय. शनिवारी रात्री सासरची सगळी माणसं आमच्याकडे जेवायला आहेत आणि स्वयंपाक पहिल्यांदाच मी एकटी करणार आहे. आम्ही दोघं धरून 7 मोठे, 2 वयस्कर आणि 2 लहान मुलं. पोळ्या, फ्लॉवर-बटाट्याची भाजी, वरण, भात, कोशिंबीर आणि शेवयांची खीर, एवढंच ठरवलंय.

काल प्रमाण विचारायला आईला फोन केला. आमचं बोलणं साधारण असं झालं:

“आई, अकरा जणांना तांदूळ किती घेऊ?”
“अगं, आपल्या चौघांना रात्री दीड वाटी लागते ना, त्या हिशोबाने घे.”
“म्हणजे चार वाट्या?”
“चार कशाला? मुलं किती खाणार! साडेतीन घे. नाहीतर असं कर, माणशी एक मूठ आणि वर एक मूठ.”
“आणि डाळ?”
“डाळ निम्मी. बघून घाल गं, अंदाज येतो.”

मला अंदाज येत नाही हाच तर प्रश्न आहे. फोन ठेवल्यावर इथली वाटी घेऊन साडेतीन वाट्या तांदूळ परातीत काढून पाहिले. अकरा माणसांचे वाटेचनात. मग मुठीने मोजले, तर ढीग आणखी लहान. आईचं चुकत नाही, तिने पंचवीस-तीस माणसांचा स्वयंपाक केलेला मी पाहिलाय. मग माझं कुठे चुकतंय?

हिशोबी
सोपं आहे. चार जणांचं जे प्रमाण आहे त्याला 11 भागिले 4 ने, म्हणजे पावणेतीनने गुणा. तांदूळ, पाणी, मीठ, तिखट, तेल, सगळंच. कुकरला 3 शिट्ट्या करत असाल तर 8 करा.

चाफा_दारचा
माझ्या पहिल्या जेवणाला भात इतका उरला की दोन दिवस फोडणीचा भात खाल्ला. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, पण मला आजही ते आठवतं. तू घाबरू नकोस, सासूबाईंनाच विचार ना सरळ. माणसं जोडली जातात त्याने.

उंबरठा_नवा
ताई, सासूबाई गावाहून थेट शनिवारी संध्याकाळीच येणार आहेत आणि मला त्यांना आयतं पान वाढायचंय. म्हणून इथे विचारतेय.

मेसवाल्या_काकू
बाळा, तुझंही चुकत नाहीये आणि आईचंही. दोघींच्या वाट्या वेगळ्या आहेत. आई म्हणते ती तांदळाच्या डब्यात कायम पडलेली वाटी असणार, तू घेतलीस ती पानात आमटी वाढायची. मुठीचं तेच. पोळ्या लाटून लाटून रुंद झालेला हात आणि तुझा हात यांत फरक पडतोच.

आता असं कर. आईला फोन लाव आणि एक लिटरची पाण्याची बाटली तिच्या वाटीने भरायला सांग. किती वाट्या लागल्या ते विचार. तू इकडे तुझ्या वाटीने तेच कर. मग दोघी एकाच भाषेत बोलाल.

उंबरठा_नवा
केलं! आईच्या 5 वाट्यांत बाटली भरली, माझ्या 8 लागल्या. म्हणजे तिची वाटी 200 मिलि आणि माझी 125. मी साडेतीन वाट्या मोजल्या तेव्हा तिच्या जेमतेम सव्वादोन झाल्या होत्या.

मेसवाल्या_काकू
बघ, सापडलं. 200 मिलिच्या वाटीत तांदूळ साधारण 165 ग्रॅम बसतो. तुमच्या घरी चौघांना दीड वाटी म्हणजे अडीचशे ग्रॅम, माणशी साठेक ग्रॅम. पानात पोळ्या असताना हे भरपूर झालं. मी मेसमध्ये 50 धरते.

दुसरं, अकरा हा आकडा सोडून दे. वयस्कर दोघं मिळून एक पान आणि मुलं दोघं मिळून एक पान धर. झाली 9 पानं. तांदूळ अर्धा किलो घे, म्हणजे तुझ्या पाच वाट्या. तूरडाळ पाव किलोच्या थोडी वर. आईने “निम्मी” सांगितली ती अगदी बरोबर आहे.

फ्लॉवर आणताना मात्र सांभाळ. पाला-दांडा काढला की किलोचा सहाशे ग्रॅमच्या आसपास उरतो. किलोभर गड्डा आणि अर्धा किलो बटाटे घे. कणीक किलोभर, त्यात मध्यम आकाराच्या 32-35 पोळ्या होतात. पाहुण्यांत तिघे तरुण असतील तर ते चार-चार खातील, मुलं दीडवर उठतील. बेरीज करून बघ, 30 च्या पुढेमागे येते.

हिशोबी यांचं तांदूळ-डाळीपुरतं बरोबर आहे, पुढचं नाही. फोडणीला तेल-मोहरी दुप्पट पुरते, पावणेतीनपट घातलंस तर भाजीवर तवंग येईल. मिरची दीडपट घालून चव बघ. मीठ हिशोबाच्या पाऊणपट घाल आणि उरलेलं चाखून. आणि शिट्ट्या माणसांवर वाढत नाहीत! पहिली शिट्टी यायलाच जास्त वेळ लागतो, त्यात हिशोब भागतो.

हिशोबी
शिट्ट्यांचं मान्य नाही. डब्यात डाळीचा थर जाड असेल तर मधली डाळ कच्ची राहते, माझ्याकडे राहिली आहे. आठ जास्त झाल्या असतील, पण तीनही पुरणार नाहीत.

मेसवाल्या_काकू
जाड थराचं खरं आहे. म्हणून मी डाळ अर्धा तास भिजवते आणि एकाऐवजी दोन डबे लावते. भिजवायला वेळ नसेल तर एखादी शिट्टी जास्त द्या, त्याला माझी ना नाही.

पाटा_वरवंटा
कुकर किती लिटरचा आहे ते कुणी विचारलंच नाही. अर्धा किलो तांदूळ आणि दुप्पट पाणी थेट कुकरमध्ये घातलं तर 3 लिटरचा निम्म्याच्या वर भरतो. भाताचा फेस शिट्टीत चढतो आणि वाफेची वाट अडते. फुगणारा पदार्थ निम्म्याच्या वर भरायचा नसतो. तुमच्याकडे तीनचा असेल तर भात दोन वेळा लावा किंवा पातेल्यात करा. पातेल्यात वाफ उडते म्हणून पाणी थोडं जास्त.

उंबरठा_नवा
तीनचाच आहे! शेजारच्या काकूंचा 5 लिटरचा मागून आणते. ताई, तुम्ही विचारलंत म्हणून वाचले.

उंबरठा_नवा (रविवारी)
काल जेवणं झाली. भात बरोबर पुरला, दोन वाढण्या शिल्लक राहिल्या. 33 पोळ्या झाल्या, 5 उरल्या. वरण मात्र कमी पडलं. मामंजी आणि दोन्ही दीर भातावर तीन-तीनदा वरण घेतात हे मला कुठे माहीत होतं! उकळतं पाणी घालून वाढवलं, मीठ-हिंग पुन्हा लावलं, पण शेवटच्या दोघांच्या पानात ते पातळच आलं. डाळ दोन डब्यांत भिजवून लावली होती, 3 शिट्ट्यांत मऊ शिजली.

खीर मी दुपारी आईच्या सांगण्याइतकीच दाट करून ठेवली आणि रात्री ती वडीसारखी झाली. वाढताना तीन पेले गरम दूध घालावं लागलं. आईला फोन केला तर म्हणाली, “अगं, मी वाढायच्या अर्धा तास आधी करते, हे सांगायचं राहिलंच.”

मेसवाल्या_काकू
शेवया गार होताना दूध पीत राहतात. आधी करायची तर जवळजवळ दुधासारखी पातळच उतरव. आणि वरण जास्त खाणारं घर असेल तर डाळ माणशी 40 ग्रॅम धर. या घरचं प्रमाण आईला माहीत असणार नाही, ते आता तुलाच लिहून ठेवावं लागेल.

उंबरठा_नवा
लिहिलं, फडताळाच्या दाराला आतून कागद चिकटवलाय. आता पुढचं विचारते. दिवाळीत अठरा जण होतील आणि 5 लिटरचा कुकरही पुरणार नाही. भात दोनदा लावायचा तर पहिला गरम कसा ठेवता तुम्ही?