पासवर्ड बदलायची लिंक ग्राहकाच्या आधी कोण उघडतंय? मदत हवी आहे

मंडळी, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं ऑर्डरचं छोटं पोर्टल मी सांभाळतो. जीमेलवाल्यांचा पासवर्ड नीट बदलतो. पण एका ग्राहक कंपनीच्या ऑफिस मेलवर लिंक गेली, की दाबताच 'ही लिंक आधीच वापरली आहे' असं येतं. तिथले खरेदीवाले काका माझ्यावरच खेकसले, "अहो, मेल आत्ता उघडलाय की मी!"

लॉग बघितला. मेल 11:02:10 ला गेला आणि 11:02:14 ला लिंकवर GET आली, तीही कुठल्याशा डेटासेंटरच्या आयपीवरून. काकांचं क्लिक 11:09 चं. म्हणजे त्यांचा मेल स्कॅनर तपासणीसाठी लिंक उघडतो आणि माझा कोड पान उघडताच टोकन बाद करतो. त्याआधी मी लिंकची मुदत 30 मिनिटांवरून 24 तास केली होती. उपयोग शून्य, मुदत संपतच नव्हती!

आता GET वर फक्त फॉर्म दाखवायचा आणि नवा पासवर्ड POST झाल्यावरच टोकन बाद करायचं, असं ठरवलंय. नुसतं 'पुढे जा' बटण ठेवलं तर काही स्कॅनर तेही दाबतात म्हणे. पासवर्ड टाइप केल्याशिवाय फॉर्म जाणारच नसेल, तर एवढं पुरेल का? की लिंक सोडून सहा अंकी कोडच पाठवू? कुणी केलं असेल तर सांगा.