लहानपणीचं स्वयंपाकघर कागदावर कसं उतरवलंत? वास, आवाज, स्पर्श… अनुभव सांगा

सांजवात:
परवा आमच्या गल्लीत कल्हईवाला आला. अजून येतात म्हणजे! खाली भट्टी लावली, भाता सुरू केला आणि तापल्या पातेल्यात नवसागर टाकल्याबरोबर पांढरा धूर उठला तो थेट माझ्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत. नाकात झणका बसला आणि मी मिरजेच्या वाड्यातल्या स्वयंपाकघरात. आजी, पितळी पातेली, मागचं दार, सगळं समोर.

हातातलं काम टाकून लिहायला बसले. दीड पान झालं. वाचते तर ते कुणाच्याही आजीचं स्वयंपाकघर. 'चुलीवरच्या स्वयंपाकाचा सुगंध दरवळायचा', 'आजीच्या हातून वाटी खणकन पडायची', 'आजीचे मऊ हात'. नाकाने जे दिलं त्यातलं कागदावर काहीच नाही. तुमच्यापैकी कुणी असं लिहिलंय का? कुठला वास, आवाज, स्पर्श धरलात? सुचेल तसं टाका, नीटनेटकं नको.

कांदेपोहे:
भुशाची शेगडी!! मधे बाटली उभी धरून भोवती भुसा ठोकून भरायचा आणि मग बाटली गोल फिरवत हळूच वर काढायची. हे काम माझं. बाटली निघताना भुसा ढासळला की पाठीत धपाटा. हा स्पर्शात धरायचा का?

तात्या७१:
@कांदेपोहे 😄 धपाटा आवाजात पण बसतो.

घाटमाथा:
वासाची आठवण खोटी नसते. बाकी इंद्रियांचे निरोप मेंदूत वळसा घालून जातात, नाकाचा निरोप थेट आठवणी आणि भावना सांभाळणाऱ्या भागाकडे जातो. त्यामुळे वास आला की जे दिसतं ते डोळे मिटून लिहायचं. मी तेच करतो.

रेवती_के:
आमच्या मॉड्युलर किचनच्या कपाटांना कुबट वास येतोय, पावसाळ्यापासून. कडुलिंबाचा पाला, कापूर सगळं करून झालं. कुणाला उपाय?

वऱ्हाडातली मिरची:
ताई इथं लोक वास आणायला बसले, तुम्ही घालवायला 😂 सिंकखालचा पाइप पाहून घ्या आधी, तिथं गळत असंल.

मुळाक्षर:
मी ज्येष्ठांकडून आठवणी लिहून घेण्याचा वर्ग घेते, म्हणून थोडं सविस्तर.

@घाटमाथा, रस्ता थेट आहे हे बरोबर. वासाने उठणाऱ्या आठवणी बहुधा वयाच्या दहा वर्षांच्या आतल्या असतात आणि भावनेनं काठोकाठ भरलेल्या असतात, हेही अभ्यासांत दिसलंय. पण भावना जोरात आली म्हणून तपशील खरा असतोच असं नाही. उलट तिच्या भरात आपण रिकाम्या जागा सिनेमातल्या आजीनं भरतो.

@सांजवात, एक विचारते. वाटी पडायची तिथली जमीन कसली होती?

सांजवात:
सारवलेली. शेणाची.

मुळाक्षर:
मग खणकन कसं होईल? सारवलेल्या जमिनीवर पितळेची वाटी थप्प पडते, फार तर जरा घरंगळते. खणकन व्हायला खाली दगड हवा. एक तर वाटी दुसरीकडे कुठेतरी पडत होती, नाहीतर हा आवाज तुम्ही दुसऱ्या कुणाच्या घरातून आणलाय. आठवून पाहा.

तात्या७१:
बाप रे. पंचनामाच की हा.

आमचा पंपाचा स्टोव्ह सांगतो. दादरची चाळ. आधी काकडा रॉकेलच्या बाटलीत बुडवायचा, बर्नरखाली अडकवायचा, काडी लावायची. पिवळी ज्योत, काजळी, डोळ्यांत धूर. बर्नर तापला की चावी बंद करून पंप. चक चक चक. मग भक्क करून निळी ज्योत धरायची आणि सूंऽऽ सुरू. आई घाईत असली की पुरता तापायच्या आत पंप मारायची, मग हातभर पिवळा भडका आणि आमची पळापळ. मधेच सूंऽ बसला की समजायचं पिन मारायला हवी. चावी सोडली की फुस्स, आणि तोंडावर रॉकेलच्या वाफेचा भपका. त्या फुस्सनंतर घर एवढं शांत व्हायचं की शेजारच्या रेडिओवरच्या बातम्या शब्दन् शब्द ऐकू यायच्या.

मुळाक्षर:
तात्या, तुम्ही आईबद्दल कौतुकाचा एक शब्द लिहिला नाही, तरी ती दिसली. घाईत पंप मारणारी बाई. वासाला 'छान', 'मंद' असं विशेषण लावलं की तो कागदावर मरतो. कशाच्या आधी आला, कशाच्या नंतर आला आणि तेव्हा कोण काय करत होतं, एवढं लिहिलं की पुरतं.

अबोली (म्हापसा):
आमच्याकडे रगडो. आजी त्याच्यापुढे बसून खोबरं वाटायची. सुरुवातीला खर्र खर्र, मग वाटण बारीक होत जाई तसा आवाज ओला ओला होत जाई, शेवटी नुसती दगडावर दगड घसरल्याची लय. आवाज बदलला म्हणजे आता बांगडे पडणार हे मला अंगणात कळायचं. मिक्सरला असं काहीच सांगता येत नाही.

टोरांटोकर:
इथे फोडणीत मिरची पडली की स्मोक अलार्म वाजतो. माझ्या मुलीला मोठेपणी आईच्या स्वयंपाकघराची आठवण म्हणून बीप बीप बीपच येणार. मी टॉवेल हलवत खुर्चीवर उभी.

वऱ्हाडातली मिरची:
हे लिहून ठेव बाई, हेच खरं.

निशिगंध_२:
मला कोविडनंतर वासच येत नाही. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी असं रोज दोनदा हुंगायला सांगितलं होतं. लवंग थोडी परतली, बाकी नाही. वाचून जरा हेवा वाटला सगळ्यांचा. पण या धाग्यावर मी हातांवरून लिहू शकते. आईचा पोळपाट एका बाजूला झिजलेला होता, बोट फिरवलं की तिथे हलका खड्डा. पिठाच्या डब्याचं झाकण घट्ट, नख आत घालून उचकटावं लागायचं. कणीक तिंबताना आई अंगठ्याने दाबून बघायची आणि मला दाबू द्यायची. दाबलेलं हळूहळू वर यायला लागलं की झालं. अजून मी तसंच बघते. हे लिहिताना नाकाची आठवणही झाली नाही.

कांदेपोहे:
@निशिगंध_२ ❤️ माझ्या मावसभावाला दीड वर्षाने परत आला. धीर धरा.

घाटमाथा:
मुळाक्षर, मान्य. पण मग काय, फक्त जमीन आणि दगड तपासत बसायचं? आठवण म्हणजे काय सातबारा आहे का?

मुळाक्षर:
सातबारा नाही. पण तपासलं की पुढचं आपोआप सापडतं, म्हणून तपासायचं. वर्गातले एक काका सांगत होते, आमच्याकडे चुलीवरच्या भाकरीचा धूर. बहीण म्हणाली, तू शाळेत जायला लागलास तेव्हा कोळशाची शेगडी होती, चूल मामाच्या घरी. काका दोन दिवस रुसले. मग लिहून आणलं ते शेगडीचं: पुठ्ठ्याने वारा घालणं, कोळसे फुलताना होणारी तडतड, आणि शेगडी आत आणायच्या आधी ती बाहेर गॅलरीत धगधगायला ठेवलेली. मुलांना तिथे जायची बंदी. चुलीपेक्षा शंभर पटीनं ते त्यांचं होतं.

आणि प्रत्यक्ष वस्तू हुंगून लिहिणार असाल तर थोडकंच हुंगा. हिंगाचा खडा असो, गोणपाट असो, एक-दोन श्वास घ्या आणि दूर ठेवा. काही मिनिटांत नाक त्या वासाला सरावतं आणि मग आपण आठवत नाही, नुसते रचत जातो. वासाचं नाव शोधू नका. तेव्हा तुम्ही कुठे बसला होता आणि हात कशाला लागला होता, हे आधी लिहा.

सांजवात:
सापडलं! वाटी मोरीत पडायची. मोरीला काळा दगड होता. आजी पहाटे भांडी घासायची तेव्हाचा आवाज तो. आत्ता भाजी चिरता चिरता पुन्हा लिहिलं, जसंच्या तसं टाकते:

"मी गोधडीत, कान जमिनीला. मोरीतून राखेची करकर. आजी नारळाच्या शेंडीने पातेलं घासते आहे. करकर थांबते, पाणी पडतं, दगडावर वाटी खण्ण. पुन्हा करकर. जमीन गार. मी नखाने सारवणाचा पोपडा उचकटते आहे, तो कडेला कोरडा आणि मधे ओलसर असतो. मग आजी आत येते. तिच्या हातांना राख असते, ती पदराला पुसत नाही, चुलीजवळ टाचेने गोवरी मोडते. आधी रॉकेलचा वास, मग धूर, मग धुरातून दुधाचा. ती माझ्या गालाला हात लावते. हात खरखरीत आणि बर्फासारखा गार."

बघा, 'मऊ हात' म्हटलं होतं मी. पहाटे थंड पाण्यात राखेने भांडी घासणाऱ्या बाईचे हात मऊ कसे असतील!

वऱ्हाडातली मिरची:
टाचेने गोवरी मोडते 🙏🙏 आमची आजीबी तशीच.

मुळाक्षर:
आता यात नवसागर कुठे आहे?

सांजवात:
नाहीये! मीही आत्ता तेच बघत होते. कल्हई वर्षातून एकदा व्हायची, दिवाळीच्या आधी, आणि तीही वाड्याच्या चौकात. घरात त्याचा वास कधी नव्हताच.

मुळाक्षर:
मग तो लेखात घालायच्या मोहात पडू नका. ज्या वासानं दार उघडलं तो खोलीतलाच असेल असं नसतं. चौकाचं वेगळं काही लिहाल तेव्हा घ्या.

घाटमाथा:
इथे मी असहमत. मला वाचक म्हणून तोच वास हवा होता. आणि एक: करकर, खण्ण, सूं, भक्क, फुस्स. एका पानात इतके झाले की लहान मुलांच्या चित्रकथेसारखं होतं. तात्यांचं मस्त आहे, पण दर वाक्याला?

तात्या७१:
स्टोव्ह बोलतो त्याला मी काय करू.

अबोली (म्हापसा):
घाटमाथा बरोबर बोलताहेत. माझ्या वरच्या उताऱ्यात पहिला 'खर्र खर्र' काढला तरी चालेल, आवाज बदलल्याचं मात्र राहायला हवं. पण 'खण्ण' काढला तर सांजवातताईंची मोरी जाईल. कुठला ठेवायचा ते मला अजून नीट सांगता येत नाही.

पुणे३०:
एक मिनिट, कल्हईवाला नक्की कुठे भेटला? माझ्याकडे सासूबाईंची चार पातेली पडून आहेत. दुकानवाला म्हणतो शिसं लावून देतो.

तात्या७१:
शिसं नाही हो!! कथील. कथलाची कांडी फिरवतात आणि कापसाने पुसतात. शिसं लावतो म्हणाला तर पातेली उचला आणि निघा.

सांजवात:
@पुणे३० तो फिरता होता, पत्ता नाही. पुन्हा आला की नंबर घेऊन ठेवते.

रेवती_के:
सिंकखाली खरंच गळत होतं. प्लंबर उद्या येतोय. @वऱ्हाडातली मिरची थँक्यू 🙏

वऱ्हाडातली मिरची:
मीठ-मिरची ओवाळून टाका त्या कपाटावरून 😂 आणि निशिगंधताई, कणकेचं पुढं लिवा न, अर्धंच सोडलं.